ईमेल, ई-मेल की ई मेल? औपचारिक लेखनातील तंत्रज्ञानविषयक जोडशब्दांसाठी एक कार्यपद्धती

एखाद्या परिपत्रकात, अहवालात किंवा प्रबंधात ‘ईमेल’, ‘ई-मेल’ आणि ‘ई मेल’ ही तिन्ही रूपे एकाच पानावर आढळतात आणि कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. मजकूर चार जणांनी मिळून लिहिलेला असतो, काही भाग जुन्या कागदपत्रांतून उचललेला असतो आणि शेवटी मुद्रितशोधन करणाऱ्याला यांतले बरोबर कोणते हे ठरवायला आधार सापडत नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ लेखनविषयक नियम केले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर घातली. हे अठरा नियम प्रामुख्याने अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि काही विशिष्ट शब्दरूपे यांच्याविषयी आहेत. त्यांत या शब्दांचा निर्णय शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण ते तयार झाले तेव्हा हे शब्द मराठीत आलेच नव्हते. त्यामुळे निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो आणि तो शब्दागणिक लहरीने न घेता काही कसोट्यांवर घ्यावा लागतो.

या लेखाची शिफारस आधीच सांगतो आणि मग तिच्यामागची कारणे व ती राबवण्याची पद्धत मांडतो. ‘ईमेल’ हा एकच शब्द जोडून लिहावा. ‘ई’ने सुरू होणारे बाकीचे सर्व शब्द, म्हणजे ई-निविदा, ई-पुस्तक, ई-कचरा, ई-स्वाक्षरी इत्यादी, संयोगचिन्हाने लिहावेत. ‘ई’ आणि पुढचा शब्द यांच्यामध्ये रिकामी जागा कधीही सोडू नये. वेबसाइट, पासवर्ड, डेटाबेस, डाउनलोड यांसारखे मुरलेले शब्द जोडून लिहावेत, तर हार्ड डिस्क, सोशल मीडिया यांसारखे शब्द सुटे लिहावेत.

संयोगचिन्हाचे मराठीतील मूळ काम

पहिली पायरी म्हणजे मराठीत संयोगचिन्ह कशासाठी वापरतात हे नीट लक्षात घेणे. शालेय व्याकरणात त्याची दोन कामे सांगितलेली असतात: दोन शब्द जोडणे आणि ओळीच्या शेवटी अपुरा राहिलेला शब्द पुढच्या ओळीत चालू आहे हे दाखवणे. यांतल्या पहिल्या कामाचे उदाहरण म्हणून जे शब्द दिले जातात ते बहुतेक द्वंद्व समासाचे असतात, जसे आई-वडील, स्त्री-पुरुष, बरे-वाईट. म्हणजे मराठी वाचकाच्या डोळ्यांना संयोगचिन्हाचा सवयीचा अर्थ ‘आणि’ किंवा ‘किंवा’ असा आहे. याउलट, ज्या समासात पहिले पद दुसऱ्याचे वर्णन करते किंवा दुसऱ्याला मर्यादा घालते, तो समास मराठीत जोडून लिहिला जातो. टपालपेटी, दूरध्वनी, संगणकप्रणाली, महामार्ग या शब्दांत कोणी संयोगचिन्ह घालत नाही.

आता ‘ई-निविदा’ हा शब्द पाहा. येथे ‘ई आणि निविदा’ असा अर्थ नाही. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने काढलेली निविदा असा अर्थ आहे, आणि मराठी समासविचाराप्रमाणे तो शब्द जोडून लिहायला हवा होता. येथील संयोगचिन्ह इंग्रजी लेखनातून आलेले आहे. मग ते काढून का टाकू नये? कारण जोडल्यावर होणारे ‘ईनिविदा’ हे रूप वाचता येत नाही. इंग्रजीत मोठ्या लिपीतील अक्षर वापरून दोन भागांची सीमा दाखवण्याची तरी सोय आहे. देवनागरीत तीही नाही. ‘ईकचरा’, ‘ईस्वाक्षरी’, ‘ईऑफिस’ ही रूपे पाहताना वाचक क्षणभर अडखळतो, कारण ‘ई’ने सुरू होणारे अस्सल मराठी शब्द मोजकेच आहेत आणि नव्या शब्दाची फोड कोठे करायची हे त्याला कळत नाही. म्हणून या गटात संयोगचिन्ह ठेवायचे ते शब्दाची फोड दाखवण्यासाठी, समासाचा प्रकार दाखवण्यासाठी नव्हे. हा भेद लक्षात ठेवला की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

त्यांतलाच एक प्रश्न ‘ऑनलाइन’ आणि ‘ऑफलाइन’ यांचा आहे. ‘ऑनलाइन-ऑफलाइन वर्ग’ असे लिहिले तर येथे संयोगचिन्ह आपल्या मूळ मराठी कामावर आहे. दोन्ही प्रकारचे वर्ग असा अर्थ त्यातून निघतो. पण ‘ऑनलाइन-अर्ज’ असे लिहिण्याला काहीच आधार नाही, कारण तेथे ‘ऑनलाइन’ हे साधे विशेषण आहे आणि विशेषण व नाम मराठीत सुटे लिहितात. ‘ऑनलाइन अर्ज’ एवढे पुरेसे आहे.

‘ईमेल’ वेगळा का

बाकी सर्व शब्दांत संयोगचिन्ह ठेवून एकट्या ‘ईमेल’मधून ते काढणे हा अन्याय वाटू शकतो. परंतु इंग्रजीतही नेमके हेच घडले. असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेने २०११ साली ‘ईमेल’मधील संयोगचिन्ह काढले, मात्र त्याच वेळी ई-बुक आणि ई-कॉमर्स या शब्दांतील संयोगचिन्ह कायम ठेवले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१० साली, त्यांनी ‘वेबसाइट’ हा तोवर दोन शब्दांत लिहिला जाणारा शब्द एका शब्दात आणला होता. शिकागो विद्यापीठाच्या शैलीपुस्तिकेने ‘ईमेल’ जोडून लिहिण्याचा निर्णय २०१७ च्या सतराव्या आवृत्तीत घेतला. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी तर याच्या पुष्कळ आधी या शब्दातील संयोगचिन्ह सोडून द्यावे असे आवर्जून लिहिले होते. नवे जोडशब्द आधी संयोगचिन्ह घेऊन येतात आणि रुळले की ते टाकतात, असा त्यांचा युक्तिवाद होता.

अर्थात, इंग्रजीत झाले म्हणून मराठीत करावे हे कारण पुरेसे नाही. मराठीपुरती एक स्वतंत्र कसोटी आहे आणि ती मला अधिक पटते. जोडशब्दाच्या दोन भागांमध्ये दुसरा शब्द घालून पाहावा. ‘ई- आणि मुद्रित पुस्तके’ असे लिहिता येते आणि ते वाचकाला कळते, म्हणजे ‘ई-पुस्तक’ या शब्दातील ‘ई’ अजून सुटा करता येतो. ‘ई- किंवा कागदी निविदा’ हेही चालते. परंतु ‘ई- आणि साधा मेल’ असे कोणी म्हणत नाही. ‘ईमेल’ या शब्दातील ‘ई’ आता सुटा उरलेला नाही, तो शब्दाचाच अवयव झाला आहे. ज्याचे तुकडे बोलणारे लोक करत नाहीत त्याचे तुकडे लिहिताना दाखवण्याचे कारण नाही. शिवाय ‘ईमेल’ हे रूप इतके परिचित आहे की संयोगचिन्हाशिवाय ते वाचताना कोणी अडखळत नाही, आणि वाचक अडखळू नये यापलीकडे संयोगचिन्हाला येथे दुसरे काम नव्हतेच.

हीच कसोटी ‘ई’ नसलेल्या शब्दांनाही लावता येते. ‘हार्ड आणि फ्लॉपी डिस्क’ म्हणता येते, म्हणून ‘हार्ड डिस्क’ सुटे. ‘वेब किंवा इतर साइट’ हे कानाला खटकते, म्हणून ‘वेबसाइट’ जोडून. ‘पास’ आणि ‘वर्ड’ यांच्यामध्ये काहीच घालता येत नाही, म्हणून ‘पासवर्ड’ एकसंध. ‘कीबोर्ड’, ‘स्मार्टफोन’, ‘डेटाबेस’ यांचेही तसेच. कसोटीचा निकाल संदिग्ध आला तर, माझ्या मते, जोडून लिहावे. मराठीचा एकूण कल त्याच दिशेला आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचा मुद्दा येथेच उरकून घेतो. ‘इमेल’ किंवा ‘इ-मेल’ लिहू नये. मूळ उच्चार दीर्घ आहे आणि सुटा ‘इ’ औपचारिक मराठीत ‘इत्यादी’चे संक्षिप्त रूप म्हणून आधीच राबतो आहे.

रिकामी जागा नेमके काय बिघडवते

‘ई मेल’ हे रूप दिसायला निरुपद्रवी वाटते, पण तिन्हींमध्ये तेच सर्वांत वाईट आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. त्यामुळे ‘ई मेलवर’, ‘ई मेलद्वारे’ असे लिहिले की प्रत्यय फक्त ‘मेल’ला लागतो आणि ‘ई’ मागे एकटा लोंबकळत राहतो. ओळीच्या शेवटी तो एकटा राहिला तर वाचकाला ती टंकलेखनाची चूक वाटते. एकदा जागा सोडण्याची सवय लागली की पुढे ‘ई मेल द्वारे’, ‘वेब साइट वर’ असे प्रत्ययही सुटे पडू लागतात आणि मग ती चूक केवळ शैलीची न राहता व्याकरणाची होते. ‘ईमेलद्वारे’, ‘वेबसाइटवर’, ‘ई-निविदेत’ ही रूपेच लिहावीत. संयोगचिन्ह असले तरी शेवटच्या पदाचे सामान्यरूप नेहमीप्रमाणेच होते. ‘ई-निविदामध्ये’ असे लिहिण्याचे कारण नाही, ‘ई-निविदेमध्ये’ लिहावे.

जोडशब्दाच्या पुढे आणखी एक नाम आले की काय करायचे, हा थोडा नाजूक प्रश्न आहे. ‘ईमेल पत्ता’, ‘वेबसाइट व्यवस्थापक’ यांत मी जागा सोडतो, कारण जोडल्यावर शब्द लांबतो आणि संयोगचिन्ह घातल्यास पुन्हा ‘ईमेल आणि पत्ता’ अशी छटा येते. ‘ईमेलचा पत्ता’ असे षष्ठी वापरून लिहिले तर वादच उरत नाही. खरी अडचण येते ती पहिल्या शब्दात आधीच संयोगचिन्ह असेल तेव्हा. ‘ई-वाहन परवाना’ या शब्दसमूहाचा अर्थ काय? विजेवर चालणाऱ्या वाहनाचा परवाना, की वाहनाचा इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील परवाना? संयोगचिन्ह फक्त शेजारच्या शब्दाला बांधते, म्हणून लिहिल्याप्रमाणे पहिला अर्थ निघतो. दुसरा अर्थ अभिप्रेत असेल तर ‘वाहनाचा ई-परवाना’ असे लिहावे लागेल. नियमावली किंवा करारनाम्यात असा शब्दसमूह आला की ‘ई’ नेमका कोणत्या शब्दाचा आहे हे विचारावे आणि त्या शब्दाच्या लगेच आधी तो ठेवावा. ‘ई-वाहन-परवाना’ असे दुहेरी संयोगचिन्ह लिहिल्याने हा प्रश्न सुटत नाही, उलट झाकला जातो.

लॉगइन, बॅकअप आणि इंग्रजीतील एक निरुपयोगी भेद

इंग्रजीत ‘लॉगइन’ हे नाम जोडून लिहितात आणि तेच क्रियापद असेल तर दोन शब्दांत लिहितात. ‘बॅकअप’ आणि ‘साइनअप’ यांचेही तसेच आहे. संगणकाचे पडदे मराठीत आणताना हा भेद जसाच्या तसा उचलला जातो आणि एकाच पुस्तिकेत ‘लॉग इन करा’ व ‘लॉगइन पृष्ठ’ अशी दोन रूपे नांदू लागतात. मराठीत या भेदाला जागाच नाही. आपण इंग्रजी क्रियापद घेत नाही. आपण नाम घेतो आणि त्याला ‘करणे’, ‘घेणे’ जोडतो. ‘फोन करणे’ यातील ‘फोन’ जसे नाम आहे तसेच ‘लॉगइन करणे’ यातील ‘लॉगइन’ हेही नामच आहे. म्हणून सगळीकडे एकच रूप ठेवावे: लॉगइन करा, लॉगइनची वेळ, बॅकअप घ्या, बॅकअपची प्रत. संयोगचिन्हाचीही येथे गरज नाही.

काही रूपांना मात्र हात लावू नये. ज्यांच्या अधिकृत नावातच संयोगचिन्ह आहे किंवा नाही, ती नावे त्यांच्या मालकांनी ठरवल्याप्रमाणे लिहावीत. `Wi-Fi` हे वाय-फाय अलायन्सचे नोंदणीकृत चिन्ह आहे आणि त्यात संयोगचिन्ह आहे, म्हणून ‘वाय-फाय’. `iPhone` मध्ये ते नाही, म्हणून ‘आयफोन’. दुसऱ्याच्या मजकुराचे अवतरण, कायद्याचे किंवा योजनेचे अधिकृत नाव आणि पडद्यावरील बटणाचा शब्द हेही मुळात असेल तसेच ठेवावे. बटणावर ‘ई-मेल पाठवा’ असे असेल तर सूचनेत ‘‘ई-मेल पाठवा’ हे बटण दाबावे’ असेच लिहायला हवे, कारण वाचक ते शब्द पडद्यावर शोधणार आहे.

एक परिच्छेद सोडवून पाहू

आतापर्यंतच्या कसोट्या प्रत्यक्षात कशा लागतात हे पाहण्यासाठी पुढील मजकूर घ्या. असे परिच्छेद कार्यालयीन लेखनात नेहमी आढळतात.

‘अर्जदारांनी वेब साईट वर लॉग-इन करून आपला ई मेल पत्ता नोंदवावा व पास वर्ड बदलावा. ई – निविदाची सूचना इ-मेल द्वारे पाठवली जाईल. ऑनलाईन ऑफलाइन अर्जाची मुदत संपल्यावर ईपुस्तिका डाउन-लोड करता येणार नाही.’

सुरुवात ‘वेब साईट वर’ यापासून करू. मधे शब्द घालण्याच्या कसोटीवर ‘वेबसाइट’ एकसंध ठरतो आणि ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय त्याला जोडले जाते, म्हणून ‘वेबसाइटवर’. ‘लॉग-इन’ हे नाम आहे, ‘लॉगइन’. ‘ई मेल पत्ता’ यातील पहिली जागा जाते, दुसरी राहते. ‘पास वर्ड’ जोडला जातो. ‘ई – निविदाची’ यात दोन चुका आहेत: संयोगचिन्हाच्या जागी दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेली लांब रेघ आली आहे आणि सामान्यरूप झालेले नाही, ‘ई-निविदेची’ असे हवे. ‘इ-मेल द्वारे’ याचे ‘ईमेलद्वारे’ होते. ‘ऑनलाईन ऑफलाइन’ हे द्वंद्व आहे, येथे संयोगचिन्ह हवेच होते आणि नेमके येथेच ते नाही. शिवाय एका शब्दात ‘ई’ आणि दुसऱ्यात ‘इ’ आहे. यांतले कोणते घ्यायचे हा वेगळा वाद आहे, पण दोन्हींत एकच हवे. ‘ईपुस्तिका’ची फोड पटकन होत नाही आणि ‘ई- व छापील पुस्तिका’ असे म्हणता येते, म्हणून तेथे संयोगचिन्ह येते. ‘डाउनलोड’ एकसंध राहतो.

सुधारलेला मजकूर असा होतो: ‘अर्जदारांनी वेबसाइटवर लॉगइन करून आपला ईमेल पत्ता नोंदवावा व पासवर्ड बदलावा. ई-निविदेची सूचना ईमेलद्वारे पाठवली जाईल. ऑनलाइन-ऑफलाइन अर्जाची मुदत संपल्यावर ई-पुस्तिका डाउनलोड करता येणार नाही.’

तीन वाक्यांत संयोगचिन्ह तीनच ठिकाणी उरले आहे आणि प्रत्येक ठिकाणी ते का आहे हे सांगता येते.

लांबलचक दस्तऐवजात हे कसे राबवावे

शंभर पानांचा अहवाल समोर असेल तर आधी शब्दांची यादी करावी आणि मग दुरुस्तीला हात घालावा. मजकूर चाळताना भेटलेला प्रत्येक तंत्रज्ञानविषयक जोडशब्द एका कागदावर एकदाच, ठरवलेल्या रूपात आणि शक्यतो एका प्रत्ययासह लिहून ठेवावा: ईमेलवर, ई-स्वाक्षरीने, हार्ड डिस्कमध्ये. प्रत्ययासह लिहिण्याचा फायदा असा की सामान्यरूपाचा निर्णयही त्याच वेळी होतो. संस्थेने आधीपासून ‘ई-मेल’ हेच रूप सर्व कागदपत्रांत पाळले असेल तर ते बदलण्याचा हट्ट धरू नये. ‘ई’च्या सर्व शब्दांना संयोगचिन्ह लावणे हीसुद्धा सुसंगत पद्धत आहे. सरमिसळ तेवढी नको.

यानंतर शोध आणि बदल. येथे मराठीचा एक सापळा आहे. ‘ई मेल’ शोधून सर्व ठिकाणी ‘ईमेल’ करण्याचा आदेश एका फटक्यात कधीही देऊ नये. मराठीत ‘ई’ने संपणारे शब्द पुष्कळ आहेत: शिपाई, कारवाई, भरपाई, आई. त्यामुळे ‘भरपाई मेलने कळवली’ या निर्दोष वाक्याचे ‘भरपाईमेलने कळवली’ असे होऊन बसते आणि ही चूक वर्तनी तपासणाऱ्या साधनाला सापडेलच असे नाही. साध्या शोधात ‘ई’च्या आधी एक मोकळी जागा टंकित करून शोधावे आणि परिच्छेदाच्या सुरुवातीची, कंसातील व अवतरणचिन्हांतील उदाहरणे नंतर डोळ्यांनी पाहावीत. नियमित पदावली, म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन शोधण्याची सोय, चालणाऱ्या मजकूर संपादनाच्या साधनात पुढील ओळ सर्व रूपे एकदम दाखवते आणि आधी देवनागरी अक्षर असेल तर ते स्थळ वगळते:

```
(?<![\u0900-\u097F])[इई][\s\u002D\u2010-\u2015]*मेल
```

शब्दाची सीमा दाखवणारे `\b` हे चिन्ह येथे मुद्दाम टाळले आहे, कारण अनेक संगणकभाषांमध्ये ते देवनागरीतील काना-मात्रांना शब्दाचा भाग मानत नाही आणि भलत्याच ठिकाणी सीमा दाखवते.

वरच्या ओळीत एवढ्या प्रकारच्या रेघा का, असा प्रश्न पडेल. कळफलकावर टंकित होणारे संयोगचिन्ह युनिकोडमध्ये `U+002D` हे आहे. परंतु मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये दोन्ही बाजूंना जागा सोडून ते टंकित केले की त्याचे बहुधा आपोआप लांब रेघेत, म्हणजे `U+2013` मध्ये रूपांतर होते. ‘ई – निविदा’ हे रूप जन्माला येण्याचे हे नेहमीचे कारण आहे. दिसायला दोन्ही रेघा जवळपास सारख्या असतात, पण ‘ई-निविदा’ असा शोध घेतल्यावर लांब रेघेचा शब्द सापडत नाही. मजकुरात दहा ठिकाणी शब्द दिसतो आणि शोधात सातच ठिकाणे येतात, तेव्हा बाकीच्या तीन ठिकाणी भिन्न रेघ आहे असे समजावे. लांब रेघेचे काम वेगळे आहे. ती वाक्यातील स्पष्टीकरणाआधी येते आणि जोडशब्दात तिला स्थान नाही.

शेवटचा प्रश्न ओळ तुटण्याचा. संयोगचिन्हानंतर ओळ तोडण्याची मुभा मांडणी करणाऱ्या प्रणालीला असते, त्यामुळे ‘ई-’ एका ओळीच्या टोकाला आणि ‘निविदा’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला अशी फाळणी होते. वाचकाला तेथे ‘ई’ हा अर्धवट राहिलेला शब्द वाटतो. यावर न तुटणारे संयोगचिन्ह हा उपाय आहे. वर्डमध्ये ते `Ctrl+Shift+-` या कळांनी येते आणि शोधताना `^~` असे लिहून सापडते. संकेतस्थळाच्या मजकुरात `‑` लिहावे लागते. मात्र ते सर्रास वापरू नये. साध्या संयोगचिन्हाने केलेल्या शोधात ते हमखास सापडेल याची खात्री नसते, आणि काही देवनागरी टंकांमध्ये हे चिन्हच नसल्यामुळे त्या जागी दुसऱ्या टंकातील, कमी-अधिक जाडीची किंवा उंचीची रेघ उमटते. म्हणून मजकूर पूर्णपणे निश्चित झाल्यावर, शोध-बदलाची सर्व कामे संपल्यावर आणि फक्त शीर्षके, तक्त्यांचे अरुंद रकाने व प्रत्यक्ष तुटलेल्या ओळी एवढ्याच ठिकाणी ते घालावे, आणि छपाईसाठी तयार केलेली पीडीएफ प्रत मोठी करून प्रत्येक ‘ई-’पुढची रेघ बाकीच्या रेघांसारखीच दिसते का हे एकदा पाहून घ्यावे.